फोटोवरून हलता-बोलता अवतार: डोळे, तोंड आणि वेणी सुटी करताना

माझी भाची ऐरोलीत राहते आणि रात्री नऊनंतर अकरावी-बारावीच्या मुलांना लाइव्ह गणितं सोडवून दाखवते. स्क्रीनच्या कोपऱ्यात स्वतःचा चेहरा दाखवायची तिची तयारी नव्हती, पण नुसता आवाज ऐकून मुलं पेंगतात, अशी तिची तक्रार होती. म्हणून तिच्या चेहऱ्याबरोबर स्क्रीनवर हलेल-बोलेल असा अवतार करून घ्यायला ती ठाण्याला माझ्याकडे आली. "मावशी, मोठ्या डोळ्यांची जपानी बाहुली नको मला. मधे भांग, वेणी, चष्मा, टिकली. मुलांना वाटलं पाहिजे की मीच बोलतेय."

मी चित्रं काढून पोट भरते, त्यामुळे हे एका संध्याकाळचं काम आहे असं समजून बसले. तिचा एक चांगला फोटो घेतला, डोळे, ओठ, केस कापून वेगवेगळ्या लेयरवर टाकले आणि रिगिंगला, म्हणजे ते तुकडे हलते करायच्या कामाला लावले. डोळा मिटला तेव्हा काजळ गालापर्यंत ओघळल्यासारखं ताणलं गेलं. मान वाकडी केली तर केसांच्या कडेला खिडकी उघडल्यासारखी मागची पार्श्वभूमी दिसली. तोंड उघडलंच नाही, कारण बंद ओठांच्या फोटोत आत उघडायला काही नव्हतं.

अवतार हलतो तेव्हा फोटोत झाकलेलं सगळं बाहेर येतं: केसांखालचं कपाळ, पापणीखालचं बुबुळ, ओठांमागचे दात, हनुवटीमागची मान. फोटो तुम्हाला आकार आणि रंग देतो. झाकलेला भाग तुम्हालाच रंगवावा लागतो, आणि खरा वेळ तिथेच जातो. दुसऱ्या खेपेला आम्हाला चार संध्याकाळी लागल्या. त्या कशा गेल्या ते सांगते.

एक नाही, पाच फोटो

मुख्य फोटो अगदी समोरून हवा. फोन डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि किमान दीड-दोन मीटर मागे उभे राहा. जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि कान मागे पळतात. आरशात आपण तसे दिसत नाही, म्हणून अवतार "ओळखीचा पण विचित्र" वाटतो. फोनमध्ये दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा.

उजेड खिडकीचा, पण थेट ऊन नको. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये एक खास अडचण असते, ती म्हणजे खिडकीची ग्रिल. तिच्या सावलीचे पट्टे चेहऱ्यावर पडतात आणि पुढे रंग उचलताना गाल अर्धा काळपट, अर्धा उजळ निघतो. पावसाळ्यातली ढगाळ दुपार सगळ्यात उत्तम. ती नसेल तर खिडकीवर पांढरी चादर टाका.

मुख्य फोटोत तोंड सैल मिटलेलं आणि चष्मा काढलेला. त्यानंतर चार फोटो फक्त संदर्भासाठी: डोळे मिटलेला, "आ" म्हणताना, सगळे केस मागे घट्ट ओढून कान आणि कपाळाची कड दिसेल असा, आणि चष्मा घालून. उभं राहण्याची जागा आणि उजेड बदलू नका. मिटलेल्या डोळ्याच्या फोटोची गंमत अशी की आपली आठवण इथे साफ चुकते. आपल्याला वाटतं पापण्या मधोमध भेटतात. प्रत्यक्षात वरची पापणी जवळजवळ सगळं अंतर उतरून येते आणि खालची जेमतेम हलते. मिटलेली रेघ उघड्या डोळ्याच्या खालच्या कडेजवळ पडते.

फोटो दुसऱ्या कुणाचा असेल तर आधी विचारा. अवतारही त्या माणसाचाच चेहरा असतो.

कापायचं की वरून रंगवायचं

माझं मत स्पष्ट आहे: फोटो खालच्या लेयरवर ठेवा, अर्धवट पारदर्शक करा आणि त्यावरून रंगवा. फोटोतल्या कातडीवर उजेड-सावली आधीच चिकटलेली असते. नाकाची सावली डाव्या गालावर असेल तर मान डावीकडे वळली तरी ती तिथेच बसून राहते. रंगवलेल्या अवतारात सावल्या स्वतंत्र लेयरवर असतात, म्हणून त्या हलवता येतात. शिवाय झाकलेला भाग शेवटी हाताने रंगवायचाच असतो, आणि अर्धा फोटो, अर्धं चित्र अशी जोडणी हटकून उघडी पडते.

चित्रासाठी आम्ही क्रिता हे सॉफ्टवेअर वापरलं. ते मोफत आहे आणि लेयर सुट्या ठेवणारी पीएसडी फाइल देतं. कॅनव्हास 3000 × 4000 पिक्सेल, आठ बिट, साधी एसआरजीबी रंगपद्धत. छातीपर्यंतच्या चित्रात भाचीचा चेहरा सुमारे 1000 पिक्सेल रुंद आला. रिगिंगसाठी लाइव्ह-टू-डी क्युबिझम. त्याच्या मोफत आवृत्तीत 100 तुकडे आणि 2048 पिक्सेलचा एकच टेक्स्चर, म्हणजे सगळे तुकडे मांडायचा एकच कागद मिळतो. छातीपर्यंतच्या एका अवताराला तेवढं पुरतं. आमचे एकूण 50 च्या आत भागले.

रंगवायच्या आधी लेयरचा सांगाडा मांडून घ्या. नावं रोमन लिपीत, छोटी आणि न बदलणारी ठेवा. `L` आणि `R` म्हणजे स्क्रीनवरची बाजू की त्या व्यक्तीची बाजू, हे पहिल्या मिनिटाला ठरवा. आम्ही स्क्रीनवरची बाजू धरली. पुढच्या यादीत सगळ्यात वरची लेयर आधी आहे, आणि डोळा एकाच बाजूचा दिलाय:

```
glasses_frame, glasses_lens
brow_L
hair_front_L, hair_front_R, strand_L, strand_R
tikli
lash_up_L, crease_L, lash_low_L
iris_shine_L, iris_L, white_L
nose
lip_up, lip_low
teeth_up, teeth_low, tongue, mouth_in
hair_shadow
face
ear_L, ear_R
braid_1, braid_2, braid_3
neck_shadow, neck, body
scalp, hair_back
```

यातली `face` लेयर बघून पहिल्यांदा भीती वाटते. तिच्यावर डोळे नाहीत, ओठ नाहीत, भुवया नाहीत. अंड्यासारखी सपाट, स्वच्छ कातडी. ती तशीच हवी. डोळा मिटल्यावर तिथे हीच कातडी दिसणार आहे.

डोळे

डोळ्याचे सहा तुकडे करा: पांढरा भाग, बुबुळ, बुबुळातली चमक, वरची पापणीची कड, खालची कड आणि पापणीवरची घडी. भुवई वेगळी.

बुबुळ पूर्ण गोल रंगवा. फोटोत त्याचा वरचा भाग पापणीखाली दडलेला असतो आणि लोक दिसतो तेवढाच उतरवतात. मग अवतार खाली बघतो तेव्हा बुबुळाला वरून कापल्यासारखी सपाट कड दिसते. भाचीचा डोळा 230 पिक्सेल रुंद होता. बुबुळ मोजून 90 च्या आसपास भरलं, ते मी 105 केलं. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत डोळे बारीक दिसतात, म्हणून एवढी लबाडी चालते. त्याहून मोठं केलं की ती ती राहत नाही.

बुबुळ पांढऱ्या भागाबाहेर दिसू नये याची सोय रंगवताना करायची नाही. क्युबिझममध्ये बुबुळाला पांढऱ्या भागाचं क्लिपिंग लावायचं: `white_L` च्या तुकड्याचा आयडी घेऊन `iris_L` च्या `Clipping ID` च्या चौकटीत टाकायचा. चमकेलाही तेच. मग बुबुळ कुठेही सरकवा, ते पांढऱ्या भागाच्या आतच दिसतं, आणि पांढरा भाग चपटा झाला की आपोआप नाहीसं होतं.

पांढरा भाग पांढराशुभ्र नको. फोटोतून रंग उचलून बघा, तो फिकट राखाडी-पिवळसर निघेल. वरच्या पापणीखाली हलकी सावली त्यातच रंगवा. आणि त्याच्या कडा वरच्या-खालच्या पापणीच्या रेघेखाली पाच-सहा पिक्सेल घुसवा, नाहीतर डोळा अर्धवट मिटताना मधे कातडीची फट चमकते.

काजळाने आम्हाला सगळ्यात जास्त छळलं. मी ते आधी पांढऱ्या भागावर रंगवलं होतं, कारण फोटोत ते तिथेच दिसतं. डोळा मिटताना पांढरा भाग दबतो, तसं काजळही दबून काळा ठिपका व्हायचं. काजळ हा खालच्या कडेचा भाग आहे, तेव्हा ते `lash_low_L` मध्येच जायला हवं. मिटलेल्या डोळ्यात वरची कड त्याच्यावर येऊन बसते आणि दोन्ही मिळून एक जाड, स्वच्छ रेघ होते. मिटलेल्या डोळ्यात तरीही काळा ठिपका उरला तर दोष काजळाचा नाही. पांढरा भाग पूर्ण चपटा झालेला नाही आणि त्या फटीतून बुबुळ डोकावतंय.

वरची कड रंगवताना ती केसाएवढी बारीक ठेवू नका. तीच रेघ वरच्या कमानीवरून खालच्या कमानीत वाकणार आहे. 12-15 पिक्सेल जाडी असेल तर ती वाकताना तुटत नाही.

तोंड

तोंड उघडं रंगवा आणि रिगिंगमध्ये मिटा. बहुतेकांना हे उलटं वाटतं. पण मिटलेली रेघ ताणून उघडलीत तर तिच्यातले रंग फाटतात. उघडं तोंड दाबून मिटलंत तर फक्त दाट होतात. संदर्भाचा "आ" वाला फोटो इथे कामी येतो.

आमचं उघडं तोंड 260 पिक्सेल रुंद आणि 130 उंच होतं. `mouth_in` म्हणजे आतला गडद तांबूस-तपकिरी आकार. तो ओठांच्या मागे सगळीकडून दहाएक पिक्सेल जास्त पसरवा. दात आणि जीभ या आकाराला क्लिप करायचे, जसं बुबुळ पांढऱ्या भागाला केलं. दात एकेक काढत बसू नका. वरचे दात म्हणजे एक फिकट पट्टी आणि तिच्यावर जेमतेम दिसतील अशा दोन-तीन रेघा. ठळक रेघा काढल्या की छोट्या चौकटीत दातांत फटी असल्यासारखं दिसतं. भाची ते बघून म्हणाली, "मावशी, हे दात तू ठाण्याच्या रस्त्यावरून आणलेस का?"

एक गोष्ट शरीरशास्त्राची, पण ती कळली की तोंड एकदम खरं वाटायला लागतं. वरचा जबडा कवटीला जोडलेला आहे, तो हलत नाही. हलतो तो खालचा. म्हणजे तोंड उघडताना वरचे दात जागच्या जागी राहिले पाहिजेत, आणि खालचे दात, जीभ, खालचा ओठ आणि हनुवटी एकत्र खाली गेली पाहिजेत. पूर्ण "आ" ला हनुवटी आम्ही 28 पिक्सेल उतरवली. वरचे दातही खाली आले तर अवतार बोलका बाहुला दिसतो.

ओठ दोन वेगळ्या लेयरवर. वरचा ओठ आणि खालचा ओठ तोंडाच्या कोपऱ्यांत एकमेकांवर नीट चढले पाहिजेत. कोपऱ्यात फट राहिली तर मिटल्यावर दोन्ही बाजूंना काळे टिंब दिसतात. ओठांभोवतीची हलकी सावली `face` वर रंगवू नका, खालच्या ओठाच्या लेयरमध्येच ठेवा, म्हणजे ओठाबरोबर तीही हलेल.

क्युबिझममध्ये तोंडाला दोन नियंत्रणं असतात. `ParamMouthOpenY` 0 ते 1, म्हणजे किती उघडलं. आणि `ParamMouthForm` -1 ते 1, म्हणजे कोपरे कुठे. आम्ही उघडण्याला दोन आणि आकाराला तीन टोकं दिली, म्हणजे सहा आकार. आपण रंगवलेलं तोंड हे उघडण्याच्या 1 वर बसतं, 0 चा आकार जाळी, म्हणजे क्युबिझममध्ये तुकड्यावर बसवलेलं बिंदूंचं जाळं, ओढून बनवायचा. तपासायला मराठी शब्द फार छान पडतात. "ईश्वर" म्हणा, कोपरे रुंदावले पाहिजेत. "ऊस" म्हणा, आवळले पाहिजेत. आणि "बाबा", "पापड" म्हणताना ब आणि प ला ओठ पूर्ण मिटलेच पाहिजेत. आमच्याकडे 0 वरही दोन पिक्सेलची फट राहिली होती आणि सगळे ब "व" सारखे दिसत होते.

केस: मधला भांग आणि वेणी

इंटरनेटवरचं जवळजवळ सगळं शिक्षण कपाळावर झुलणाऱ्या बटांसाठी आहे. तिथे केसांची पुढची झालर कपाळाची कड झाकते, त्यामुळे कड कशीही असली तरी चालते. आपल्याकडे चापूनचोपून तेल लावून मागे ओढलेले केस असले की कपाळ आणि केस यांची सीमारेषा उघडी पडते, आणि चेहरा वळताना सगळ्यांचं लक्ष नेमकं तिथे जातं.

यावर आम्ही तीन थर केले. सगळ्यात मागे `scalp`, म्हणजे केसांच्या रंगाचा एक साधा घुमट, डोक्याच्या आकाराहून किंचित लहान. त्याच्यापुढे चेहरा. `face` ची कातडी दिसणाऱ्या कपाळाच्या वर आणखी एक चतुर्थांश उंचीपर्यंत रंगवलेली. आणि सगळ्यात पुढे `hair_front_L` आणि `hair_front_R`, भांगाच्या दोन्ही बाजूंना एकेक. मान वळते तेव्हा पुढचे केस चेहऱ्यापेक्षा थोडे वेगळे सरकतात. सरकले की खाली कातडी किंवा घुमट दिसतो, खिडकी दिसत नाही.

भांगाची रेघ कुठल्या लेयरवर काढायची यावर आमचा अर्धा तास वाद झाला. मी ती `face` ची कातडी दोन केसांच्या मधून दिसेल अशी सोडली होती. ते तर्काला धरून आहे, पण मान वळवली की दोन्ही बाजूंचे केस वेगळे सरकून भांग कधी रुंद, कधी गायब होत होता. शेवटी डाव्या-उजव्या केसांना मधे 20 पिक्सेल एकमेकांवर चढवलं आणि भांग कातडीच्या रंगाने वरच्या लेयरवरच काढला. ती रेघ सरळसोट काढू नका. कपाळाकडे किंचित रुंद, वर जाताना बारीक होणारी.

कपाळाच्या कडेची लव फोटोत दिसते, पण ती तशीच उतरवायची नाही. बारीक अर्धपारदर्शक केसांची कड हलताना धुरकट होते. कड ठाम ठेवा आणि त्याऐवजी दोन सुट्या बटा काढा, कानाजवळ एकेक. त्या थोड्या झुलल्या की सगळे केस जिवंत वाटतात.

तिची वेणी डाव्या खांद्यावरून पुढे येते. एकच लांब तुकडा ठेवूनही ती लवचिक जाळीने हलवता येते, पण तिपेडी वेणीचे पेड त्यात रबरासारखे ताणले जातात. आम्ही तीन तुकडे केले: मानेजवळचा, मधला, आणि रबरबँडसकट शेंडा. प्रत्येक खालचा तुकडा त्याच्या वरच्या तुकड्यामागे एक पूर्ण पेड, म्हणजे साधारण 60 पिक्सेल, घुसलेला. हे घुसवणं विसरलात तर वेणी हलताना सांध्यावर उसवल्यासारखी दिसते. भौतिक हालचाल लावताना वरचा तुकडा सगळ्यात कमी आणि लगेच हलतो, शेंडा सगळ्यात जास्त आणि उशिराने. तिन्हींना सारखा वेग दिला तर वेणी काठीसारखी डुलते.

केसांची कपाळावर पडणारी सावली `hair_shadow` वर वेगळी. तिला `face` चं क्लिपिंग आणि खालचा रंग गडद करणारा मल्टिप्लाय. हा मल्टिप्लाय क्रितातच न लावता क्युबिझममध्ये लावायचा.

मानेबद्दल एवढंच: हनुवटीच्या मागे, साधारण ओठांच्या उंचीपर्यंत रंगवत न्या. अवतार वर बघतो तेव्हा तेवढी लागते.

टिकली आणि चष्मा

टिकली वेगळ्या लेयरवर, पण स्वतंत्र हालचाल नको. मान वळताना ती चेहऱ्याच्या कडेपेक्षा जास्त आणि नाकाच्या शेंड्यापेक्षा कमी सरकते, कारण कपाळ नाकाइतकं पुढे नसतं. चष्म्याची चौकट जवळजवळ नाकाइतकी सरकते. चष्म्याच्या काचा वेगळ्या, अगदी फिकट. चष्मा घातलेल्या फोटोवरून डोळे उतरवू नका. नंबराच्या काचेतून डोळा लहान-मोठा दिसतो आणि गालाची कडही तिथे तुटून आत किंवा बाहेर सरकलेली असते. चष्म्याच्या फोटोतून फक्त चौकटीचा आकार आणि नाकावरची जागा घ्या.

पीएसडी देण्याआधीची तपासणी

सगळ्यात खाली भडक गुलाबी रंगाची एक लेयर टाका. मग क्रितातच प्रत्येक हलणारा तुकडा जेवढा पुढे हलणार आहे तेवढा उचलून सरकवा: बुबुळ आडवं 30 पिक्सेल, पुढचे केस 25, चेहरा मानेवरून 40. जिथे गुलाबी दिसेल तिथे रंग कमी आहे. मला नऊ ठिकाणी दिसला. कानामागे तर मी काहीच रंगवलं नव्हतं.

दुसरी तपासणी भटक्या ठिपक्यांची. ब्रश चुकून टेकला की लेयरच्या कोपऱ्यात डोळ्यांना न दिसणारा एखादा पुसट ठिपका राहतो. क्युबिझम त्यालाही तुकड्याचा भाग धरून जाळी लांबवतं. क्रितात लेयरवर उजवं क्लिक करून `Select Opaque` निवडा, भलत्या ठिकाणी निवडीची मुंग्यांसारखी चालणारी तुटक रेघ दिसली तर तिथला रंग पुसा.

मूळ `.kra` फाइल तशीच जपा आणि तिची प्रत काढून त्या प्रतीतली प्रत्येक लेयर साधी करा. क्रितातलं `Inherit Alpha`, मास्क, फिल्टर, व्हेक्टर लेयर हे सगळं आधी त्या त्या लेयरमध्ये विरघळवा. शेवटी प्रत्येक तुकडा म्हणजे एक साधी रंगवलेली लेयर, तिच्यावर काही लटकलेलं नाही. पीएसडी क्युबिझममध्ये उघडल्यावर एखादा गाल अचानक चौकोनी सावलीने झाकलेला दिसला, तर न विरघळवलेलं काहीतरी मागे राहिलंय.

रिगिंग सुरू केल्यावर चूक सापडली तर घाबरू नका. क्रितात दुरुस्त करून पीएसडी पुन्हा आत घेता येते आणि केलेलं काम टिकतं. फक्त लेयरची नावं बदलायची नाहीत. नाव बदललं की जुनी लेयर हरवली आणि नवी आली असं क्युबिझम समजतं.

हालचाल किती द्यायची

स्वयंचलित जाळी सगळ्या तुकड्यांना एकदम लावा, पण पापण्यांच्या कडा आणि ओठ यांची जाळी हाताने करा. बिंदू रेघेच्या दोन्ही बाजूंना जोडीने असावेत, म्हणजे वाकताना जाडी सारखी राहते.

मान डावी-उजवीकडे वळवणारा `ParamAngleX` -30 ते 30 असतो, तो आकडा बघून लोक खरोखर 30 अंश वळवायला जातात. एका समोरच्या फोटोवरून बनवलेला चेहरा तेवढा वळत नाही. लांबचा गाल आत जायला हवा, नाकाची बाजू दिसायला हवी, आणि ती आपल्याकडे नाहीच. आम्ही टोकाला नाक 45 पिक्सेल सरकवलं, डोळे 32, चेहऱ्याची कड 12, आणि लांबचा डोळा किंचित अरुंद केला. बसून गणित शिकवणाऱ्याला एवढं वळण भरपूर होतं. नाकाच्या आणि कडेच्या सरकण्यातला फरक हीच खोली. सगळं सारखं सरकवलं तर चेहरा न वळता पोस्टरसारखा बाजूला सरकतो.

लाइव्ह जाताना

निर्यात केल्यावर `.moc3`, `.model3.json`, टेक्स्चर आणि हालचालीची `.physics3.json` अशा फाइल्स मिळतात. त्या एका फोल्डरमध्ये घालून, वेबकॅमवरून चेहरा टिपून अवतार हलवणाऱ्या व्हीट्यूब स्टुडिओच्या `Live2DModels` फोल्डरमध्ये ठेवा. पहिल्यांदा मॉडेल उघडताना स्वयंचलित जुळणीला हो म्हणा. नियंत्रणांची मूळ नावं बदलली नसतील तर डोळे, तोंड आणि मान आपोआप जोडली जातात. लाइव्ह प्रक्षेपणासाठीच्या ओबीएसमध्ये गेम कॅप्चर घ्या, पारदर्शकतेला परवानगी द्या आणि स्टुडिओतली पार्श्वभूमी पारदर्शक करा.

पहिल्या रात्री भाचीचा अवतार दर दोन सेकंदांनी एकच डोळा मिचकावत होता. आम्ही तासभर पापणीची जाळी तपासत बसलो. जाळी ठीक होती. तिच्या खऱ्या चष्म्याच्या काचेवर समोरच्या भिंतीवरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडत होतं आणि वेबकॅमला त्या बाजूचा डोळा दिसतच नव्हता. ट्यूब बंद करून टेबललॅम्प मॉनिटरच्या वरून, कॅमेऱ्याच्या मागून भिंतीकडे वळवला, उजेड भिंतीवरून परत येऊन चेहऱ्यावर पडू दिला, आणि डोळे पूर्ण उघडे असतानाची पातळी पुन्हा नोंदवली. त्यानंतर दोन्ही डोळे एकत्र मिटायला लागले.